दहा दिवसांच्या मौन शिबिरासाठी ऑफिसात रजा कशी मागायची

विपश्यनेच्या शिबिराला जायचं मनात आलं की लोक आधी विचारतात, पहाटे चारला उठणं जमेल का, संध्याकाळी जेवण नसतं ते सोसेल का, मांडी घालून किती वेळ बसावं लागतं. रजेचा विचार शेवटी होतो आणि बरेच जण तिथेच अडकतात. मुंबईत मी एचआरमध्ये काम करते, रजेचे अर्ज माझ्या टेबलावरून जातात, आणि मी स्वतःही शिबिरं केली आहेत. त्यामुळे दोन्ही बाजू बघायला मिळतात. नामंजूर झालेल्या अर्जांमध्ये मला एक गोष्ट सारखी दिसते. माणूस दहा दिवसांची रजा मागतो, पण साहेबांना खरी भीती वाटते ती दहा दिवस फोन बंद असण्याची. त्या भीतीवर अर्जात एक ओळही नसते. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये फोनचा भाग मी मुद्दाम लांबवला आहे.

हे सगळं सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतल्या शिबिरांबद्दल आहे, कारण मुंबईतून पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण तिथेच जातात. इगतपुरीचं धम्मगिरी सगळ्यांना माहीत असतं. जवळ हवं असेल तर गोराईला पॅगोडाशेजारी धम्मपत्तन आहे, बेलापूरला धम्मविपुल आहे आणि खडवलीकडे धम्मसरिता आहे.

पहिली पायरी: तारखा मोजा

'दहा दिवसांचं शिबिर' म्हणजे दहा पूर्ण दिवस आतमध्ये. पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवस त्यात धरलेला नसतो. ज्या दिवशी पोहोचता त्या दुपारी नोंदणी होते, फोन जमा होतो आणि संध्याकाळपासून मौन सुरू होतं. मग दहा दिवस साधना. दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटतं, पण बाहेर पडता येत नाही. अकराव्या दिवशी सकाळी लवकर शिबिर संपतं. कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलंत तर बारा तारखा होतात. 'फक्त दहा दिवस' असं तोंडी सांगून नंतर अर्जात बारा तारखा लिहिल्या तर पहिल्याच फटक्यात विश्वास कमी होतो, म्हणून पहिल्या बोलण्यापासून बाराच तारखा सांगा.

आता या बारा तारखांत रजा किती लागते ते बघू. समजा, अंधेरीतल्या एका मालवाहतूक कंपनीत अकाउंट्सला असलेल्या ताई आहेत. त्यांच्या ऑफिसला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. उदाहरणापुरतं 2026 च्या जानेवारीचं कॅलेंडर घेऊ आणि शिबिर बुधवार 21 जानेवारी ते रविवार 1 फेब्रुवारी असं धरू. बुधवार, गुरुवार, शुक्रवार या तीन रजा. 24 तारखेला चौथा शनिवार, 25 ला रविवार, 26 ला प्रजासत्ताक दिन, म्हणजे तिन्ही दिवस ऑफिस बंद. मग मंगळवार 27 पासून शनिवार 31 पर्यंत पाच रजा, कारण 31 चा शनिवार पाचवा आहे, त्या दिवशी ऑफिस चालू असतं. एकूण रजा आठ. रविवारी सकाळी शिबिर संपलं की घरी येऊन सोमवारी 2 फेब्रुवारीला कामावर.

हा हिशोब एका अटीवर बरोबर आहे. काही कंपन्यांत रजेच्या मधे आलेल्या सुट्ट्याही रजेत मोजतात, त्याला सगळे 'सँडविच' म्हणतात. तो नियम तुमच्याकडे असेल तर याच ताईंच्या खात्यातून 21 ते 31 अशा अकरा रजा जातील. आठ आणि अकरा यातला फरक शिबिराहून परत आल्यावर पगाराच्या पावतीत कळला तर मनस्ताप होतो. एचआरला आधी ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी मिळालेलं 'नाही हो, नाही मोजत' पुरेसं नाही, कारण रजा सिस्टीममध्ये चढवणारा माणूस बहुतेक वेळा दुसराच असतो.

पोहोचण्याच्या दिवशी अर्धा दिवस काम करून निघू, असं बेलापूर किंवा गोराईला जाणाऱ्यांना वाटतं. माझं मत स्पष्ट आहे: पूर्ण दिवस घ्या. अर्ध्या दिवसाचं काम तीन वाजता संपत नाही, आणि तुमचा शेवटचा फोन कॉल नोंदणीच्या रांगेत उभं राहून होतो.

दुसरी पायरी: खात्यात कोणती रजा आहे ते बघा

यासाठी हक्काची भरपगारी रजा वापरायची असते, म्हणजे जिला ऑफिसात पीएल किंवा ईएल म्हणतात. 2017 चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा ज्यांना लागू होतो त्यांना, वर्षात 240 दिवस काम केलेलं असेल तर, दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस अशी ही रजा मिळते आणि ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. म्हणजे वर्षभर नेमाने काम केलेल्या माणसाकडे शिबिरापुरती रजा बहुधा असतेच. याच कायद्यात वर्षाला आठ दिवस किरकोळ रजाही आहे, पण सीएल सलग किती घेता येते यावर बहुतेक ऑफिसांत मर्यादा असते. सीएलची ठिगळं लावून बारा तारखा जमवायला जाऊ नका. आणि हा कायदा सगळ्यांना लागू होत नाही. व्यवस्थापकीय पदावरच्या लोकांची आणि लहान आस्थापनांची गोष्ट वेगळी असते. तिथे नेमणूकपत्रात आणि कंपनीच्या रजा धोरणात जे लिहिलंय ते चालतं.

राज्य शासनाच्या नोकरीत असाल तर तुमचा रस्ता वेगळा आहे. विपश्यना शिबिरासाठी 14 दिवसांपर्यंत परावर्तित रजा देण्याबाबत शासनाचा 2003 चा निर्णय आहे. आस्थापना शाखेत जाऊन त्या निर्णयाची प्रत मागा, तुमच्या संवर्गाला तो कसा लागू होतो ते विचारा आणि अर्जात त्याचा हवाला द्या. पुढचं बोलणं बरंच सोपं होतं.

आजारपणाची रजा यासाठी वापरू नका. शिबिराच्या पहिल्याच संध्याकाळी पाच शील घेतली जातात आणि त्यात खोटं न बोलण्याचं शील आहे. ताप आल्याचं कळवून त्या रांगेत बसणाऱ्याच्या मनात दहा दिवस काय चालत असेल, ते मला वेगळं सांगायला नको. शिवाय आजारी माणसाचा फोन सलग दहा दिवस बंद राहिला तर ऑफिसातलं कुणीतरी घरी फोन करतंच.

याची दुसरी बाजूही आहे. तुम्हाला खरंच झोप लागत नसेल, सकाळी लोकलमध्ये चढताना छाती धडधडत असेल, किंवा मानसिक आजारावर औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टर. तेव्हा मिळणारी वैद्यकीय रजा ही योग्यच रजा आहे. शिबिराच्या अर्जात शारीरिक आणि मानसिक आजारांची, औषधांची माहिती विचारतात. ती खरी आणि पूर्ण लिहा. गंभीर मानसिक त्रास असलेल्यांना केंद्रं हे शिबिर करू नका असं सांगतात, आणि ते बरोबर आहे.

प्रोबेशनवर असाल तर थांबा, बहुतेक ठिकाणी तेव्हा पीएल वापरताच येत नाही. नोटीस पिरियडमध्ये तर मागूच नका. आणि नोकरी बदलत असाल तर सगळ्यात सोपा काळ तुमच्या हातात आहे: नव्या कंपनीला रुजू होण्याची तारीख पंधरा दिवस पुढची द्या. त्या काळात तुमच्या फोनची वाट कुणीच बघत नसतं.

तिसरी पायरी: महिना निवडा, मग तारीख

मुंबईच्या ऑफिसला रजेचे आपले हंगाम आहेत. मे महिन्यात मुलांच्या शाळा बंद असतात, गणपतीत अर्धं ऑफिस कोकणात असतं, दिवाळीत गुजरात-राजस्थानची मंडळी गावी जातात, आणि मार्चअखेर हिशोबाच्या खात्यातल्या माणसाने रजेचा शब्दही काढायचा नसतो. या काळात बारा तारखा मागितल्या तर तुमची स्पर्धा सहकाऱ्यांच्या घरच्या गणपतीशी असते आणि त्यात तुम्ही हरणार. जूनच्या मध्यापासून जुलै, दिवाळीनंतरचा नोव्हेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारी हे त्या मानाने मोकळे महिने. पावसाळ्यात इगतपुरीला कपडे वाळत नाहीत, एवढं सोसायची तयारी ठेवा.

इथे एक व्यवहार आहे आणि तो उघडपणे करण्यात काही गैर नाही. तुमच्या घरी गणपती नसेल तर त्या आठवड्यात कोकणात जाणाऱ्या सहकाऱ्याचं काम तुम्ही सांभाळा आणि तेव्हाच त्याला सांगा, 'अरे, नोव्हेंबरमध्ये मला बारा दिवस जायचंय, तेव्हा तू माझं बघशील ना?' कुणी आधीच 'हो' म्हटलेलं असलं की साहेबांसमोर अर्ज नेताना निम्मं काम झालेलं असतं.

महिना ठरला की तुमच्या कामाच्या ठरलेल्या तारखा एका कागदावर काढा. त्या अकाउंट्सच्या ताईंच्या कागदावर काय येईल बघा. 7 तारखेला टीडीएस भरायचा, 11 ला जीएसटीआर-1, 20 ला जीएसटीआर-3बी, महिनाअखेरीला पगार. म्हणजे 21 पासून पुढे त्यांची वाट बऱ्यापैकी मोकळी आहे आणि 21 जानेवारी ही तारीख चांगली दिसते. पण जानेवारीत एक मेख आहे: ऑक्टोबर ते डिसेंबर तिमाहीचं टीडीएस विवरणपत्र 31 जानेवारीपर्यंत भरायचं असतं, आणि तेव्हा ताई आत असतील. यावर दोन उपाय आहेत. एक तर विवरणपत्राचं काम 20 च्या आत पुरं करून सीएकडे द्यायचं, नाहीतर शिबिर फेब्रुवारीत ढकलायचं. दोन्ही चालतील, पण हे साहेबांनी शोधून काढण्याआधी ताईंनी स्वतः सांगायला हवं. मोठ्या केंद्रांवर साधारण महिन्याला दोन शिबिरं होतात, त्यामुळे पंधरा दिवस पुढे-मागे व्हायला जागा असते.

चौथी पायरी: आधी बोलणं, मग नोंदणी, मग लेखी अर्ज

हा क्रम चुकला की गोंधळ होतो. आधी रजा मंजूर करून घेतली आणि शिबिरात जागाच मिळाली नाही, किंवा जागा मिळाली आणि रजा नाही, हे दोन्ही मी बघितलंय.

शिबिराची नोंदणी ऑनलाइन होते आणि ती आधीपासून उघडलेली असते. लोकप्रिय केंद्रांवर जागा लवकर भरतात. अर्ज पाठवल्यावर येणारी पोच म्हणजे प्रवेश नव्हे. प्रवेश पक्का झाल्याचं किंवा प्रतीक्षायादीत असल्याचं वेगळं कळतं, आणि शिबिराच्या काही दिवस आधी 'येणार ना?' म्हणून पुन्हा विचारतात. त्याला उत्तर दिलं नाही तर जागा जाऊ शकते.

म्हणून अडीच-तीन महिने आधी साहेबांशी तोंडी बोला, दोन तारखा सुचवा आणि म्हणा, 'जागा पक्की झाली की लेखी अर्ज देते, तोवर तुमची तत्त्वतः हरकत नाही ना, एवढंच विचारायचं होतं.' मग नोंदणी करा. प्रवेश पक्का झाल्याचा ईमेल आला की त्याच दिवशी लेखी अर्ज. प्रतीक्षायादीत असाल तर तेही सांगा आणि कोणत्या तारखेपर्यंत नक्की कळवाल ते ठरवा. मधल्या काळात इगतपुरीचं तिकीट काढलंत तर काढा, पण त्याचा दाखला देऊन रजा मागू नका. 'तिकीट काढलंय सर' हे वाक्य कुठल्याच वरिष्ठाला आवडत नाही.

पाचवी पायरी: साहेबांशी काय बोलायचं

थोडक्यात बोला. शिबिराने माझी एकाग्रता वाढेल, मी जास्त काम करीन, असं काही कबूल करू नका, कारण परत आल्यावर पहिल्याच चुकीला तुम्हाला ते ऐकवलं जाईल. 'फार ताण आहे हो, मला ब्रेक हवाय' हेही नको, त्यातून राजीनाम्याचा वास येतो. साधं असं सांगता येतं:

'मॅडम, मला जानेवारीत विपश्यनेच्या निवासी शिबिराला जायचंय. 21 ते 1, बारा तारखा, त्यात रजा आठ. तिथे फोन जमा करतात, त्यामुळे मी कुणालाच उपलब्ध नसेन. माझं काम कोण बघणार आणि कसं, ते मी लिहून आणलंय. पाच मिनिटं मिळतील का?'

मग प्रश्न येतात, आणि ते ठरलेलेच असतात.

'पाच दिवसांचं नाही का काही?' नव्या साधकासाठी नाही. एक किंवा तीन दिवसांची शिबिरं असतात, पण ती आधी दहा दिवसांचं पूर्ण केलेल्यांसाठी.

'मधेच काही निघालं तर एक दिवस येऊन जाशील ना?' इथे मनापासून नाही म्हणा. प्रवेश घेताना पूर्ण दहा दिवस राहायचं कबूल केलेलं असतं. 'बघू, येईन' म्हणालात तर रजा मंजूर होईल, पण तुमच्या 'येईन' वर भरवसा ठेवून कुणी पर्यायी सोयच करणार नाही.

'संध्याकाळी तरी फोन चालू ठेव.' फोन तुमच्याकडे नसतोच. लिहिणं-वाचणंही बंद असतं. केंद्राच्या कार्यालयाचा नंबर असतो. घरात कुणी गंभीर आजारी पडलं, असं काही झालं तर तिथून निरोप आत पोहोचतो. तो नंबर घरच्यांना द्या, हवा तर साहेबांनाही द्या, पण सांगा की फाईल कुठे आहे हे विचारायला तो नाही.

'हे कुठल्या धर्माचं आहे? पैसे किती घेतात?' साधना बुद्धांनी शिकवलेली आहे, शिबिर सगळ्यांना खुलं आहे, धर्म बदलावा लागत नाही. राहण्या-जेवणाचं शुल्क नसतं. शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. एवढं उत्तर पुरे. ऑफिसच्या केबिनमध्ये साधनेचं वर्णन सुरू केलंत की समोरच्याची सहानुभूती आटायला लागते.

एक प्रश्न बोलून दाखवला जात नाही, पण तो असतो: 'ही दुसरीकडे जॉइन तर होत नाहीये?' बारा दिवस, फोन बंद, मनमोकळं कारण नाही, असं दिसलं की मुंबईत पहिली शंका हीच येते. प्रवेश पक्का झाल्याचा ईमेल अर्जाला जोडा. कुणी मागितला नसला तरी जोडा.

सहावी पायरी: ओटीपीचा बंदोबस्त

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा जीव इथे आहे. कामं कोण करणार याची यादी सगळेच करतात. पण हल्ली निम्मी कामं तुमच्या फोनवर येणाऱ्या सहा आकड्यांवर अडलेली असतात, आणि तो फोन इगतपुरीच्या कपाटात बंद असतो.

ताईंच्या टेबलाशी बसून बघितलं तर असं दिसतं. बँकेच्या पोर्टलवर विक्रेत्यांची देणी त्या भरतात आणि मोठे साहेब मंजूर करतात, म्हणजे मेकर-चेकरमधल्या मेकर त्या. त्यांच्या लॉगिनचा ओटीपी त्यांच्या फोनवर. जीएसटी पोर्टलला नोंदवलेला मोबाईल नंबर त्यांचाच, कारण चार वर्षांपूर्वी कुणीतरी सहज टाकला. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन त्यांच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली त्यांच्या पर्समध्ये, आणि टोकनचा पिन त्यांच्या डोक्यात. महिनाअखेरीला पगाराची फाईल चढवायला कुणी बसलं की यातलं प्रत्येक कुलूप एकेक करून आडवं येणार.

यावर घाईत काढलेला उपाय म्हणजे सिमकार्ड काढून सहकाऱ्याकडे देणं. कृपया करू नका. तुमची स्वतःची बँक, आधार, यूपीआय त्याच नंबरावर असतं, आणि तुमच्या नावाने दुसऱ्याने मंजुरी दिली तर चुकीची जबाबदारी तुमच्यावर येते. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देणंही त्याच जातीचं. बरोबर मार्ग थोडा वेळखाऊ आहे: बँकेला पत्र देऊन दुसरा मेकर नोंदवून घ्या, जीएसटी पोर्टलवर बदली माणसाची अधिकृत नोंद करून घ्या. बँकेत यासाठी संचालकांच्या सह्या लागू शकतात आणि दिवस जातात, म्हणून हे काम शिबिराच्या महिनाभर आधी सुरू करा. एखादी नोंद वेळेत होणार नसेल तर ते काम 20 च्या आत उरकायचं किंवा परत येईपर्यंत थांबवायचं, असं साहेबांशी बोलून ठरवा. तुमच्या लॅपटॉपचा पासवर्ड मधेच मुदत संपून बंद पडणार नाही ना, हेही आयटीला विचारा.

मग एक तालीम करा. जाण्याच्या आठवडाभर आधी एक दिवस ठरवा. त्या दिवशी तुम्ही ऑफिसात असता, पण बदली माणूस तुमचं सगळं काम करतो आणि तुम्ही तोंडी मदत करत नाही. तो जेव्हा-जेव्हा तुमच्या टेबलाशी येतो तेव्हा तो का आला ते लिहून ठेवा. ताईंच्या बाबतीत तो बहुधा असं विचारत येईल: वाहतूकदारांच्या बिलांचा जुना फोल्डर कुठे आहे, डिझेलच्या कुपनांवर सही कुणाची घ्यायची, भिवंडीच्या गोदामवाल्यांचा नंबर काय. या प्रश्नांची उत्तरं म्हणजेच तुमची हस्तांतरणाची टिपण. ती दोन पानांच्या वर गेली तर कुणी वाचत नाही.

त्याच आठवड्यात स्वतःचंही बघून घ्या: घराचा हप्ता, क्रेडिट कार्डाची तारीख, सोसायटीचा मेंटेनन्स, फोनचं रिचार्ज. आत बसल्यावर यातलं काहीच करता येत नाही.

सातवी पायरी: लेखी अर्ज

इंग्रजीत लिहायचा असेल तर तसा लिहा, मजकूर हाच ठेवा.

विषय: 21 ते 31 जानेवारी रजेबाबत

आदरणीय मॅडम,
आपल्या बोलण्यानुसार, विपश्यनेच्या निवासी शिबिरासाठी बुधवार 21 जानेवारी ते शनिवार 31 जानेवारी या काळात मला आठ दिवसांची भरपगारी रजा मिळावी, ही विनंती. प्रवेश पक्का झाल्याचा ईमेल सोबत जोडला आहे. सोमवार 2 फेब्रुवारीला मी कामावर हजर राहीन.
शिबिराच्या काळात फोन आणि ईमेल पूर्ण बंद असेल. तिमाहीचं टीडीएस विवरणपत्र 20 जानेवारीच्या आत सीएकडे देत आहे. पगाराची फाईल आणि विक्रेत्यांची देणी सहकारी बघतील. त्यांची बँकेत नोंद झाली असून 14 जानेवारीला आम्ही पूर्ण दिवसाचा सराव करणार आहोत. हस्तांतरणाची टिपण सोबत आहे.
मधल्या सुट्ट्या रजेत धरल्या जाणार नाहीत असं एचआरने ईमेलने कळवलं आहे, तो ईमेलही जोडला आहे.
आपली नम्र

'फोन पूर्ण बंद असेल' हे वाक्य अर्जातून गाळू नका. ते लेखी असलं की चौथ्या दिवशी 'ही फोन का उचलत नाही' म्हणून तक्रार होत नाही. मंजुरी सिस्टीममध्ये दिसते का ते स्वतः तपासा. नुसतं 'ठीक आहे' मिळालं असेल आणि वरिष्ठ मधेच बदलले, तर नव्या माणसाला त्यातलं काहीच माहीत नसतं.

नकार आला तर

नकार तारखेला आहे की शिबिराला, एवढं आधी समजून घ्या. 'मॅडम, या तारखा अडचणीच्या असतील तर फेब्रुवारीतल्या चालतील का?' असं विचारलं की ते लगेच कळतं. तारखेची अडचण असेल तर पुढच्या शिबिराच्या तारखा तिथल्या तिथे दाखवा आणि त्याच बैठकीत एक ठरवून घ्या. 'बघू नंतर' वर उठलात तर ते नंतर वर्षभर येत नाही.

मूळ शिबिरालाच विरोध असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही. हक्काची रजा कशासाठी वापरायची हे सहसा सांगावंच लागत नाही, पण ती केव्हा घ्यायची यात मालकाचं म्हणणं चालतं. अशा वेळी 'बारा दिवस बाहेरगावी, संपर्काबाहेर' एवढं खरं कारण देऊन रजा मागता येते. विनावेतन रजेची तयारी दाखवायची असेल तर आधी एका दिवसाचा पगार कसा काढतात ते विचारा. कुठे तीसने भागतात, कुठे सव्वीसने, आणि आठ दिवसांत तो फरक जाणवतो.

जमत नाही हे पक्कं झालं की केंद्राला त्याच दिवशी कळवून जागा सोडा. प्रतीक्षायादीतल्या कुणीतरी तुमच्यासारखीच रजा पुढे-मागे करून ठेवलेली असते.

निघताना आणि परतल्यावर

आदल्या संध्याकाळी ईमेलला आपोआप जाणारं उत्तर लावा: कोणत्या तारखेपर्यंत नाही, कोणाशी बोलायचं, एवढंच. कामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही एक ओळ टाका, कारण मुंबईत निम्मं ऑफिस ईमेलवर चालतच नाही. बाहेरच्या ज्या माणसांचे फोन रोज येतात, ताईंच्या बाबतीत चार-पाच वाहतूकदार, त्यांना स्वतः फोन करून बदली माणसाचा नंबर द्या.

रविवारी फोन हातात आला की सगळे मेसेज एकदम येऊन पडतात. त्यातले ऑफिसचे त्या दिवशी उघडू नका. सोमवारी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी पोहोचा, पहिल्यांदा बदली माणसाबरोबर बसा आणि तोंडी ऐका, मग ईमेल उघडा. बाराशे ईमेलमधले बहुतेक प्रश्न त्याने सोडवलेले असतात आणि ते वाचत बसण्यात दुपार जाते. बँकेतली त्याची तात्पुरती नोंद ठेवायची की काढायची ते त्याच आठवड्यात साहेबांना विचारून घ्या. आणि महिन्याची पगाराची पावती आली की रजेचा रकाना बघा. आठऐवजी अकरा वजा झालेल्या दिसल्या तर एचआरचा तो ईमेल काढा आणि दुरुस्ती मागा.